सेट झाली खरी, पण कुठली?

आमच्या बेळगावात एखाद्या घरी मुलगी एम.एस्सी. झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: "नेट देणार की सेट?" विचारणाऱ्याला दोन्हींतला फरक माहीत असतोच असं नाही. नेट म्हणजे अवघड आणि सेट म्हणजे जरा सोपी, एवढी एक समजूत सगळीकडे आहे. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे नात्यातली आणि गल्लीतली मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या दोन वर्षांत माझ्या भाचीच्या निमित्ताने मला हे सगळं कागदावर मांडून बघावं लागलं. अवघड-सोपं हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा फरक निघाला.

भाचीने राणी चन्नम्मा विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, पंचावन्न टक्क्यांच्या वर गुण मिळवले आणि कर्नाटकाची सेट, म्हणजे के-सेट, पास झाली. घरात पेढे वाटले गेले. दोन महिन्यांनी सीमेपलीकडच्या, चंदगड भागातल्या एका महाविद्यालयाची जाहिरात तिच्या मैत्रिणीने पाठवली. घरापासून तासाभराचा रस्ता, शिकवायचं मराठी मुलांना, भाचीला अगदी हवं तसं. तिने अर्ज भरला. तिथून उत्तर आलं की आपण अपात्र आहात.

"मामा, मी सेट पास आहे की नाही? मग अपात्र कशी?"

पास आहेस, पण कर्नाटकात. नियम असा आहे की १ जून २००२ च्या आधी झालेल्या सेटमध्ये उत्तीर्ण झालेला माणूस देशात कुठेही सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी पात्र असतो. त्या तारखेपासून पुढच्या सेटची पात्रता मात्र त्या राज्याच्या हद्दीपुरती. माझा एक जुना सहकारी नव्वदच्या दशकात महाराष्ट्राची सेट पास झाला आणि सगळी नोकरी कर्नाटकात केली. त्याला कुणी अडवलं नाही. ते उदाहरण डोळ्यासमोर असल्यामुळे आमच्या पिढीतली माणसं आजही बिनधास्त सांगतात की सेट कुठलीही चालते. आज ती चालत नाही. त्या महाविद्यालयाचं काही चुकलं नव्हतं.

पुण्या-नाशिकच्या माणसाला या नियमाचा फारसा जाच नाही. तो सीमाभागातल्या माणसाला होतो, कारण आमचं रोजचं जगणंच दोन-तीन राज्यांत पसरलेलं असतं. बेळगावहून चंदगड जवळ, चोर्ला घाट उतरला की गोवा. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांसाठी असते. म्हणजे पणजीची मुलगी एकाच सेटवर कोल्हापूर आणि मडगाव दोन्हीकडे अर्ज करू शकते, पण बेळगावच्या आमच्या भाचीला के-सेटवर यातलं एकही दार उघडत नाही. नेट झाली असती तर तिन्ही उघडली असती.

मग साहजिकच घरात सूर निघाला की नेटच दे. इथे विषयांचा मुद्दा येतो.

नेट म्हणतात ती मुळात एक परीक्षा नाही. राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए जी यूजीसी-नेट घेते, तिच्या यादीत २०२४ साली ८५ विषय होते. त्यात भाषा, इतिहास, वाणिज्य, कायदा, अगदी योग आणि नाट्यकलाही आहे. पण रसायनशास्त्र नाही. भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, भूविज्ञान हेही नाहीत. या पाच विषयांसाठी सीएसआयआर-नेट ही वेगळी परीक्षा आहे. राज्याची सेट मात्र हे सगळं एकाच मांडवाखाली घेते. महाराष्ट्राच्या सेटला ३२ विषय आहेत, के-सेटला २०२४ साली ४१ होते, आणि त्यांत मराठी-कन्नडपासून रसायनापर्यंत सगळ्यांना एकच साचा: पहिला पेपर सर्वांना सारखा, ५० प्रश्न, १०० गुण, दुसरा पेपर आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

कला-वाणिज्याच्या मुलांना यामुळे काही फरक जाणवत नाही, कारण यूजीसी-नेटचा साचाही हाच आहे. एकदा केलेला अभ्यास दोन्हीकडे चालतो. विज्ञानाच्या मुलांचं मात्र तसं नाही. सीएसआयआरच्या रसायनाच्या पेपरात तीन भाग असतात आणि एकूण गुण २००. पहिल्या भागात सर्वसाधारण बुद्धिमत्तेचे वीस प्रश्न, त्यातले पंधरा सोडवायचे. दुसऱ्यात विषयाचे चाळीस, त्यातले पस्तीस. तिसऱ्या भागात साठ प्रश्न आणि त्यातले फक्त पंचवीस सोडवायचे, पण प्रत्येकाला चार गुण. म्हणजे निम्मा पेपर त्या पंचवीस प्रश्नांत आहे. आणि प्रत्येक चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो.

सेटमध्ये काहीही न वाचता दीडशेच्या दीडशे गोल काळे केले तर चार पर्यायांच्या हिशोबाने सरासरी पंचाहत्तर गुण पडतील. सीएसआयआरमध्ये हाच उद्योग केला तर कापाकापीनंतर हातात फारसं काही उरत नाही. म्हणून सेटच्या सवयीने सगळे प्रश्न सोडवून येणारा मुलगा सीएसआयआरला आपटतो, आणि सीएसआयआरच्या सवयीने शंका आली की प्रश्न सोडणारा मुलगा सेटमध्ये हक्काचे गुण टाकून येतो. दुसरं मी माझ्या कितीतरी हुशार विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. पहिल्या पेपरचंही तेच. अध्यापन कौशल्य, संशोधनाची पद्धत, उतारा, तर्क, आकडेवारी, संगणक, पर्यावरण, उच्च शिक्षणाची रचना असे त्यात दहा घटक असतात. रसायनवाल्यांना तो पेपर बायकापोरांच्या कोड्यांसारखा वाटतो. पण सेटच्या तीनशे गुणांतले शंभर तिथे आहेत, आणि सेंद्रिय रसायनात चार गुण वाढवण्यापेक्षा तिथे चौदा वाढवणं सोपं असतं. भाची के-सेट पास झाली ती मुख्यतः या पेपरावर. विषयात तिच्यापेक्षा पक्की असलेली तिची वर्गमैत्रीण राहिली.

विषयाच्या यादीचा उलटा चटका बसतो तो भाषेच्या मुलांना. हैदराबादच्या मंडळींना हे ठाऊक असेल: तेलंगणाच्या सेटमध्ये २९ विषय आहेत, त्यात तेलुगू, उर्दू, हिंदी, संस्कृत आहेत, पण मराठी नाही. उस्मानिया विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलेल्या मुलाने तेलंगणात शिकवायचं ठरवलं तर राज्याच्या सेटचं दार त्याला मुळातच नाही. महाराष्ट्राची सेट मराठी विषयात तो देऊ शकतो, पण ती तेलंगणात चालणार नाही. त्याला यूजीसी-नेट, मराठी, विषय संकेतांक ३८. दुसऱ्या विषयात सेट देऊन मराठीची जागा मिळत नाही, कारण परीक्षा आपल्या पदव्युत्तर विषयातच द्यायची असते. विषय यादीत नसेल तर जवळच्या विषयाची सवलत आहे, पण मराठीला जवळचा विषय कुठला सांगणार? म्हणून अर्ज भरण्याआधी त्या त्या राज्याच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातली विषयांची यादी उघडून बघावी. यादी राज्यागणिक वेगळी असते आणि मधूनमधून बदलते.

आता पास होण्याचा हिशोब. घरोघरी जास्तीत जास्त गोंधळ याचाच आहे.

लोक म्हणतात, "चाळीस टक्के पडले की पास." तसं नाही. सेटमध्ये आणि यूजीसी-नेटमध्ये खुल्या प्रवर्गाला दोन्ही पेपर मिळून चाळीस टक्के, म्हणजे तीनशेपैकी १२० गुण, आणि राखीव प्रवर्गांना पस्तीस टक्के, म्हणजे १०५ गुण, हा फक्त उंबरठा आहे. तो ओलांडला की तुम्ही रांगेत उभे राहता. रांगेतल्या किती जणांना आत घ्यायचं हे वेगळं ठरतं. सीएसआयआरचा उंबरठाही निराळा, तिथे खुल्या प्रवर्गाला किमान तेहतीस टक्के.

दुसरे लोक म्हणतात, "वरचे सहा टक्के पास करतात." हे अर्धं खरं. दोन्ही पेपर देणाऱ्या एकूण उमेदवारांच्या सहा टक्के इतक्या जागा, हे २०१७ पासून खरं आहे. नेटलाही आणि सेटलाही. पण ते सहा टक्के सगळ्या विषयांचे मिळून असतात. तुमच्या विषयातले सहा टक्के नव्हेत.

एक काल्पनिक राज्य घेऊ आणि सोपे आकडे घेऊ. समजा एक लाख जणांनी सेट दिली. सहा टक्के म्हणजे सहा हजार जागा. त्या आरक्षणाच्या धोरणानुसार प्रवर्गांत वाटल्या जातात. खुल्या प्रवर्गाला निम्म्या, म्हणजे तीन हजार, आल्या असं धरू. आता खुल्या प्रवर्गात सगळ्या विषयांत मिळून पंचवीस हजार जणांनी चाळीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडला. तीन हजार भागिले पंचवीस हजार, म्हणजे रांगेतल्या शंभरांपैकी बारा. हे बाराचं प्रमाण मग त्या प्रवर्गात प्रत्येक विषयाला सारखंच लागतं. रसायनात दोन हजार जणांनी उंबरठा ओलांडला असेल तर रसायनाला २४० जागा. मराठीत चारशे जणांनी ओलांडला असेल तर ४८. मग त्या त्या विषयाच्या यादीत वरून मोजत दोनशे चाळिसाव्याला किंवा अठ्ठेचाळिसाव्याला जे गुण असतील ते त्या विषयाचे कट-ऑफ. तेवढेच गुण आणखी कुणाला असतील तर तेही पास.

आता मागे वळून बघा. समजा रसायनाला खुल्या प्रवर्गातले आठ हजार जण बसले होते आणि मराठीला सहाशे. आठ हजारांतले २४० म्हणजे तीन टक्के. सहाशेतले ४८ म्हणजे आठ टक्के. दोन्ही एकाच परीक्षेत, एकाच नियमाने. ज्या विषयाचा पेपर इतका कठीण निघतो की थोडेच जण चाळीस टक्के गाठतात, त्या विषयाच्या वाट्याला जागाच कमी येतात. म्हणून "यंदा पेपर सर्वांनाच अवघड होता, त्यामुळे कट-ऑफ खाली येईल" हे मुलांचं समाधान पूर्ण खरं नसतं. कट-ऑफ खाली येतो, पण जागाही आटतात. लहान विषयात तर राज्य पातळीवर असंही होतं की एखाद्या प्रवर्गात मोजके दहा जण रांगेत असतात आणि हिशोबाने वाट्याला एखादीच जागा येते. नेटमध्ये अख्खा देश एका रांगेत असल्याने लहान विषयांचे आकडे इतके बारीक होत नाहीत.

तर सेट सोपी का वाटते? सूत्र दोन्हीकडे एकच आहे, रांग निराळी आहे. नेटच्या रांगेत तुमच्यापुढे दिल्ली, अलाहाबाद, कोलकाता इथली मुलं उभी असतात, सेटच्या रांगेत बहुतेक आपल्याच राज्यातली. ज्या विषयात राज्यातच तयारीची मुलं भरपूर आहेत तिथे सेटचा कट-ऑफ चांगलाच वर जातो.

या रांगेत उभं राहताना आपण कुठल्या प्रवर्गात मोजले जातो, हेही परीक्षेप्रमाणे बदलतं, आणि सीमाभागात ते कळीचं आहे. के-सेटला कर्नाटकाचे प्रवर्ग लागतात. आमचा समाज तिथे तीन-ब मध्ये येतो; म्हणून भाचीचा उंबरठा १०५ होता आणि तिची तुलना तीन-ब मधल्या रसायनाच्या मुलांशी झाली. नेटला केंद्राची यादी लागते. राज्याच्या यादीत नाव असलं तरी केंद्राच्या यादीत नसेल तर तोच उमेदवार तिथे खुला. आणि महाराष्ट्राच्या सेटमध्ये महाराष्ट्र-गोव्याबाहेरच्या उमेदवाराला खुल्या प्रवर्गातच धरतात. एकच मुलगी, तेच डोकं, तीन परीक्षांत तीन वेगवेगळ्या रांगा. भाचीच्या आईला हे पटवून देताना मला अर्धा तास लागला. "मग आमचा दाखला कशाला काढला?" हा तिचा प्रश्न होता. तो दाखला के-सेटला उपयोगी पडला, एवढंच माझं उत्तर.

पर्सेंटाइलचं एक वेगळंच भूत आहे. यूजीसी-नेट २०१८ च्या डिसेंबरपासून संगणकावर होते आणि मोठ्या विषयांची परीक्षा एकाहून अधिक सत्रांत घ्यावी लागते. सकाळचा पेपर आणि दुपारचा पेपर वेगळे, म्हणून नुसत्या गुणांची तुलना अन्यायाची. तेव्हा आपल्या सत्रातले किती टक्के उमेदवार आपल्या बरोबरीला किंवा खाली आहेत, हा आकडा काढतात, तो पर्सेंटाइल. ओळखीतल्या एका वडिलांनी मुलाला ९१ पर्सेंटाइल असूनही तो नापास कसा, म्हणून डोक्याला हात लावला होता. त्याला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण पडले नव्हते. त्याच्या सत्रात साधारण नऊ टक्के मुलं त्याच्या पुढे होती, आणि त्याच्या विषयातल्या जागा त्याच्यापर्यंत येण्याआधीच संपल्या. नेटचा कट-ऑफ कधी पर्सेंटाइलमध्ये, कधी गुणांत जाहीर झालेला आहे, त्यामुळे दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून तुलना करण्याआधी कुठलं मोजमाप आहे ते बघावं. महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची २०२४ ची सेट कागदावर, एकाच दिवशी झाली. तिथे गुण म्हणजे सरळ गुण. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश देताना पर्सेंटाइल वापरतात, ही सोय सेटला नाही. संशोधनाची शिष्यवृत्ती, जेआरएफ, तीही फक्त नेटला.

भाचीला पीएच.डी. करायचीच आहे, पण आधी नोकरी हवी. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. सक्तीची नाही, त्यामुळे तिचा विचार योग्यच आहे. आम्ही दोघांनी बसून तिचे सीएसआयआरचे दोन सराव पेपर तपासले. तिसऱ्या भागात तिने पंचवीस प्रश्न सोडवले होते आणि त्यातले अकरा बरोबर होते. चव्वेचाळीस गुण, त्यातून चौदा चुकांचे चौदा वजा, हाती तीस. ज्या प्रश्नांवर तिने पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं होतं असे नऊ होते, आणि त्यातला एकच बरोबर निघाला. ते नऊ सोडले असते तर चाळीस गुणांवर सहाच चुका, म्हणजे चौतीस. फरक चारच गुणांचा, पण तिला तो डोळ्यांनी दिसला.

यंदा तिने दोन अर्ज भरायचं ठरवलं आहे. एक सीएसआयआर-नेटचा आणि एक महाराष्ट्राच्या सेटचा, खुल्या प्रवर्गातून. सेटचा विषयाचा अभ्यासक्रम तिच्या हाताखालचाच आहे, पहिल्या पेपराची तयारी झालेली आहे, आणि त्या पेपरात इंग्रजीबरोबर मराठीही छापलेलं असतं, जे तिला के-सेटच्या कन्नड-इंग्रजी पेपरात मिळालं नव्हतं. तिला १०५ नव्हे, १२० च्या वर, आणि खुल्या रांगेत पुरेसं पुढे यायचं आहे. के-सेटला तिला १४० च्या घरात गुण होते. महाराष्ट्राच्या सेटचे रसायनाचे मागचे खुले कट-ऑफ आम्ही उतरवून घेतले आहेत आणि तिच्या टेबलासमोर चिकटवले आहेत.

केंद्र निवडताना कोल्हापूर की पणजी यावर घरात अजून वाद चालू आहे. कोल्हापूरला तिची आत्या राहते. पणजीला पावसात घाट बंद पडतो.